दगडावरची दोन अक्षरं

पाथरवटाचा फोन आला तेव्हा ती जेवणाचा डबा विसळत होती. हात ओले, म्हणून तिने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला.

"ताई, तुमची ती रशियन ओळ दगडात बसत नाहीये."

"बसत नाही म्हणजे?"

"उजव्या कडेला शीर निघाली. तिथे छिन्नी लावली की कपचा उडणार. दोन अक्षरं जास्त होतायत. काढता येतील का?"

"अहो, अक्षरं म्हणजे काय भाजीचे देठ आहेत खुडून टाकायला?"

"रागावू नका. मी मोबाईलवर घालून बघितलं. दुसरा शब्द आहे ना, त्याची सुरुवातीची दोन अक्षरं काढली तरी मोबाईल म्हणतो अर्थ तोच. मग म्हटलं, विचारून तरी बघू."

ती हसणार होती, पण हसली नाही. नळ बंद करून म्हणाली, "उद्या सांगते. तोवर हात लावू नका."

बावीस वर्षं ती इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतरं करत होती. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, खिडकीपाशी टेबल, भिंतीला टेकलेले जाडजूड कोश. यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, लग्नाचे आणि जन्माचे दाखले असलं काम. हे दगडाचं काम आलं ते दोन मोठ्या कामांच्या मध्ये, आणि तिने ते दहा मिनिटांत हातावेगळं केलं होतं. वाक्य चारपाच शब्दांचंच होतं: 'शी टॉट अस टू रीड.' तिने आम्हाला वाचायला शिकवलं.

अंध मुलांच्या शाळेत एक बाई होत्या. तरुणपणी लग्न करून दूरच्या रशियन बोलणाऱ्या मुलखातून इकडे आल्या आणि आयुष्यभर त्याच शाळेत मुलांना ब्रेल शिकवत राहिल्या. दोन वर्षांपूर्वी गेल्या. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं. वर इंग्रजी ओळ, कारण विद्यार्थी कुठे कुठे पांगलेले, खाली धातूच्या पट्टीवर ब्रेल, आणि मध्ये तीच ओळ रशियनमध्ये. बाईंची थोरली बहीण अजून तिकडे होती, नव्वदीला टेकलेली. तिला फोटो पाठवायचा होता आणि तिला दुसरी कुठली भाषा येत नव्हती.

आता डबा तसाच ठेवून ती टेबलापाशी आली आणि स्वतःचीच ओळ नव्याने वाचायला लागली. 'अना नाउचीला नास चितात्.' पाथरवट जी दोन अक्षरं काढायला बघत होता, ती शब्दाच्या सुरुवातीचं 'ना' होती, रशियन लिपीत 'न' आणि 'आ' अशी दोन वेगळी अक्षरं. ते काढलं की उरतं 'उचीला'. तोही चांगला धडधाकट शब्द. मोबाईल खोटं बोलत नव्हता. इंग्रजीत दोन्हींना एकच 'टॉट'.

पण रशियन माणसाला ते एक वाटत नाही. तिथे बहुतेक क्रियापदं जोडीने नांदतात. एक सांगतं की काम चाललं होतं, किंवा नेहमी व्हायचं, किंवा नुसतं झालं. शेवटाला काय निघालं याबद्दल ते तोंड उघडत नाही. दुसरं सांगतं की काम तडीला गेलं. 'उचीला' म्हणजे शिकवत होती, शिकवायची, शिकवलं. आलं की नाही, देव जाणे. 'नाउचीला' म्हणजे शिकवलं आणि आलं. वाक्य लिहिणाऱ्याला दोघांपैकी एक उचलावंच लागतं, मधली वाट नाही. तिने दहा मिनिटांत 'नाउचीला' उचललं होतं. का? छान वाटलं म्हणून. बाईंचा मान राहील म्हणून. खरं काय ते तिने कुणाला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला हे सांगितलं. त्याच्या ताटाशेजारी एक जाडं पुस्तक उलटं ठेवलेलं होतं. तीन महिने ते तसंच घरभर फिरत होतं.

"ते पुस्तक वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचलं की."

"वाचून काढलंस?"

"तसं नाही," तो म्हणाला. "वाचलं म्हणजे वाचतोय. वाचून काढलं म्हणायला शेवटचं पान यायला हवं."

"बघ. तुलाही येतं रशियन."

तो खूश झाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण मला 'वाचलं' म्हणून सुटता येतं. त्यांना सुटता येत नाही?"

"'वाचलं'सारखा शब्द त्यांच्याकडेही आहे. पण तो वापरला की ऐकणारा लगेच म्हणतो, बरं, मग वाचून झालं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शाळेत फोन लावला. पलीकडे एका माणसाचा भरदार आवाज आला, रेडिओवर शोभेल असा.

"मी त्या दगडाची भाषांतरकार बोलतेय. एक लहानशी शंका होती. बाईंकडे शिकलेल्या सगळ्या मुलांना वाचता यायला लागलं का?"

पलीकडचा माणूस मोकळा हसला. "सगळ्यांना. मी सोडून."

"माफ करा," ती म्हणाली.

"घाबरू नका हो," तो म्हणाला. "मला सवय आहे. आणि ते वाक्य मीच सांगितलंय लिहायला. काय शंका आहे त्यात?"

"मी तिकडे आले तर चालेल?"

"या की. फाटकातून सरळ, डावीकडे पहिलं दार. हॅलोमामा कुठे बसतात म्हणून विचारा, कुणीही सांगेल."

हॅलोमामा शाळेच्या कार्यालयात फोन सांभाळायचा. मुलांनीच हे नाव ठेवलेलं. बेचाळीस-त्रेचाळीसचा, इस्त्रीचा सदरा, टेबलावर फोन, पाण्याचा तांब्या आणि पायाशी डुलक्या घेणारं एक मांजर. तिने नमस्कार केला तसे त्याने हात पुढे केले. बोटांची टोकं गुळगुळीत आणि चकचकीत होती, मेणाची असावीत तशी. रेषा नव्हत्या.

"दहाव्या वर्षी," तिने न विचारताच तो म्हणाला. "वडिलांचं वेल्डिंगचं दुकान. कार्बाइडचा डबा उडाला. डोळे आणि बोटं एकाच मिनिटात. आंधळ्या माणसाची बोटं म्हणजे त्याचे डोळे म्हणतात. म्हणजे माझे दोनदा गेले."

"मग ब्रेल?"

"टिंबं लागतच नाहीत मला. वाळू लागते, तार लागते, टिंब नाही. बाई म्हणाल्या, बघू. पहिल्यांदा कागद ओला करून बघितला. मग मोठी टिंबं, हरभऱ्याएवढी. ती लागायची, पण त्या मापाने एक धडा लिहायला अख्खी भिंत लागली असती. मग तळहात. मग मनगटाची आतली बाजू. शेवटची काही वर्षं ओठ."

"ओठ?"

"पातळ पत्र्यावर टिंबं ठोकायच्या आणि मी ओठ फिरवायचा. पत्र्याची चव अजून आठवते. सहा अक्षरं यायची. सातवं आलं की पहिलं पळायचं." तो पुन्हा हसला. "इथे नोकरीला लागलो तरी सुटका नाही. बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन. एकतीस वर्षं, ताई."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "एकतीस?"

"आजारपणाच्या सुट्ट्या सोडून. एकदा मी म्हटलं, बाई, सोडा आता. आता पुस्तकं कानाने ऐकता येतात, काय अडलंय? तर म्हणाल्या, शनिवारी तीनला. बस, एवढंच."

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. हातात हजेरीपट, चष्मा कपाळावर. तिने दोघांसमोर आपली अडचण मांडली. पाथरवटाचा फोन, दोन अक्षरं, दोन क्रियापदं.

"यात विचार करायचा काय आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तडीला गेलेलं घ्या. तीनशेच्या वर मुलं वाचायला शिकली त्यांच्या हाताखाली. 'शिकवत होती' म्हटलं की वाटतं, बिचारी धडपडत होती."

"तसंच काही नाही," ती म्हणाली. "तो शब्द नापास झाली असं म्हणत नाही. तो निकालाबद्दल बोलतच नाही. पण तुम्ही म्हणता तेही खरं आहे. रशियन वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उरू शकतो."

"मग उरू देऊ नका. दगडावर प्रश्न कशाला?"

"पण वाक्यात 'आम्हाला' आहे," ती म्हणाली आणि हॅलोमामाकडे पाहिलं. मग लक्षात आलं की आपलं पाहणं त्याला कळणार नाही. "आणि वाक्य ज्यांनी सांगितलं त्यांना..."

हॅलोमामा खुर्चीत पुढे सरकला होता. मघाचं हसू चेहऱ्यावरून गेलं होतं.

"थांबा. म्हणजे अशी एक भाषा आहे की ज्यात हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही? शिकवलं म्हटलं की लगेच, आलं की नाही?"

"जवळजवळ तसंच."

"आणि बाई त्या भाषेत मोठ्या झाल्या." त्याने दोन्ही तळहात टेबलावर टेकवले. "ताई, तडीला गेलेलंच लिहा. मला त्या 'आम्हाला'त धरू नका. एका माणसासाठी त्यांचं काम अर्धवट दिसायला नको."

आता मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तुला वगळून 'आम्हाला' लिहायचं? दगड कुणाच्या डोक्यातून आला? नाही. तसं असेल तर मला तो शब्द नको."

"अहो, पण आत्ताच तुम्ही..."

"आत्ता म्हणाले. आता नाही म्हणतेय."

दोघांनी मिनिटभरात जागा बदलल्या होत्या आणि ती मध्येच अडकली होती. शेवटी तिनेच सुचवलं, "बाईंच्या बहिणीला विचारू या? दगड त्यांनी वाचायचाय."

मोठ्या बाईंच्या खोलीत फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ घंटा वाजली. मग एक बारीक, कोरडा, पण ठाम आवाज आला. तिने रशियनमध्ये ओळख करून दिली, दगडाचं सांगितलं, आणि खोलीत कोण कोण आहे तेही.

"हातांचा मुलगा आहे तिथे?" म्हातारीने विचारलं.

तिने ते मराठीत सांगितलं. हॅलोमामाने मान ताठ केली. "त्यांना माझी माहिती आहे?" तिने तेही विचारलं.

"माहिती?" म्हातारी म्हणाली. "एकतीस वर्षं दर महिन्याला माहिती. थांबा, फोन ठेवू नका."

पावलांचा आवाज लांब गेला. एक कडीचं दार उघडलं. काहीतरी जड वस्तू फरशीवरून ओढत आणली गेली. कागद सळसळले. इकडे व्हरांड्यातून मुलं रांगेने चालली होती, त्यांच्या काठ्यांची टकटक तेवढी ऐकू येत होती.

"ऐका," म्हातारी म्हणाली आणि वाचायला लागली. बहिणीची पत्रं. हवेबद्दल, गुडघेदुखीबद्दल, शाळेत नवीन आलेल्या एका पेटीबद्दल. आणि मग मुलं. 'गिरणीवाल्याची मुलगी वाचते. जुळे भाऊ वाचतात, धाकटा जास्त वेगाने.' इकडे ती वाक्यावाक्याला मराठी करत होती. मग पत्राच्या शेवटी, सहीच्या आधी: 'हातांचा मुलगा. उचू. नाउचू.'

पुढचं पत्र. वर्ष वेगळं. शेवटी तेच. 'उचू. नाउचू.' मग आणखी एक. म्हातारी आता मधलं काही वाचतच नव्हती, फक्त तारीख आणि शेवट. दहा वर्षं पुढे, वीस वर्षं पुढे. दोनच शब्द, दर वेळी.

भाषांतर करता करता तिचा आवाज थांबला.

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं. "काय म्हणतात त्या?"

हे तिने कॉलेजच्या पहिल्या वर्षी पाठ केलं होतं, वहीत तक्ता काढून, पाढे म्हणावेत तसं. तेव्हापासून हजारो वेळा वापरलं होतं. आणि आज पहिल्यांदा तिला ते दिसलं होतं, कुणीतरी पडदा बाजूला करावा तसं. सांगायचं कसं, हे तिला कळेना.

"सांगते," ती म्हणाली. "'उचू' म्हणजे शिकवतेय. आत्ता, चालू आहे. त्याच्या आधी 'ना' लावला की तडीला गेलेलं क्रियापद होतं. आपल्याकडे 'ना' म्हणजे नाही, तिथे या शब्दात 'ना' म्हणजे झालं. पण बघा, जे तडीला गेलं ते आत्ता चालू कसं असेल? म्हणून त्या क्रियापदाला वर्तमानकाळच नाही. वर्तमानकाळाच्या रूपात ते बसवलं की ते आपोआप पुढे जातं. भविष्यात. 'नाउचू' म्हणजे शिकवीन, आणि त्याला येईल."

मोठ्या बाईंनी हातातला हजेरीपट खाली ठेवला.

"उचू. नाउचू," ती हळूच म्हणाली. "शिकवतेय. शिकवीनच. मधे दुसरा शब्द नाही. 'पण' नाही, 'बहुतेक' नाही. दोन अक्षरं आधी लावली, की जे चाललंय त्याचं वचन होतं."

हॅलोमामा दोन्ही हात टेबलावर पसरून बसला होता, ती गुळगुळीत बोटं फोनच्या दोन्ही बाजूंना. "शेवटचं पत्र कधीचं आहे, विचारा."

तिने विचारलं. म्हातारीने तारीख सांगितली. बाई गेल्या त्याच्या चार दिवस आधीची.

"त्यातही?"

"त्यातही."

"शनिवारी तीनला," तो पुटपुटला. मोठ्या बाईंनी पाण्याचं भांडं भरून त्याच्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने तिने म्हातारीला दोन्ही शब्द सांगितले. दगडावर कुठला हवा?

म्हातारीने पुन्हा कागद चाळले. मग म्हणाली, "इतक्या पत्रांत तिने एकदाही 'मी नाउचीला' असं लिहिलं नाही. कुणाबद्दलच नाही. मुलं शिकली की ती लिहायची, वाचतो, वाचते. ते त्यांचं. तिचं काय, तर शिकवणं. उचीला लिहा. तो वाचला की मला माझी बहीण ओळखू येईल. दुसरा वाचला तर वाटेल, कुणीतरी तिचं कौतुक केलंय."

तिने ते मराठीत सांगितलं. हॅलोमामाने मान हलवली. "मग मीही त्या 'आम्हाला'त राहतो," तो म्हणाला.

"राहशील नाही तर काय," मोठ्या बाई खिडकीपासूनच म्हणाल्या, नाक ओढत.

फोन ठेवायच्या आधी हॅलोमामाने विचारलं, "तो दुसरा शब्द कसा म्हणायचा? वचनाचा?" तिने सांगितला. त्याने दोनदा म्हणून बघितला. पलीकडे म्हातारीने ऐकलं आणि त्याचा जोर कुठे द्यायचा ते शिक्षिकेच्या थाटात दुरुस्त केलं. शब्दाच्या शेवटावर. त्याने तिसऱ्यांदा म्हटला. म्हातारी म्हणाली, "आता बरोबर." मग फोनमध्ये नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला, बराच वेळ, आणि फोन कुणी बंद करायचा ते कुणालाच ठरवता येईना.

पाथरवटाला तिने स्वतः जाऊन सांगितलं. शेडमध्ये दगडाची पांढरी भुकटी सगळीकडे, त्याच्या भुवयांवरसुद्धा. त्याने उत्साहाने हात झटकले.

"म्हणजे माझंच बरोबर निघालं! दोन अक्षरं जास्तच होती."

"जास्त नव्हती," ती म्हणाली. "पण नको आहेत."

"त्यात फरक काय?"

तिने सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. एकतीस वर्षं, ओठ, पत्रं. तो छिन्नी हातात धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, तसं असतं तर मी अक्षरं बारीक करून बसवली असती हो दोन्ही. शीर गेली खड्ड्यात. मला काय माहीत त्या दोन अक्षरांत एवढं भरलंय." मग त्याने दगडावर फडकं फिरवलं, खडूने रेघ आखली आणि आधी कधी अक्षर कोरलंच नसावं अशा सावधपणे पहिल्या अक्षरावर छिन्नी टेकवली.

दगड एका सकाळी शाळेच्या दारात बसला. भाषणं दोनच झाली, दोन्ही लहान. मुलांनी रांगेने ब्रेलच्या पट्टीवरून बोटं फिरवली आणि एका छोट्या मुलीने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. फोटो बहिणीकडे गेला.

त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर लिफ्टच्या देखभालीचा एक अहवाल आला. सहा पानं, उद्या सकाळी हवा. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: तंत्रज्ञाने ब्रेक तपासले. इंग्रजीत 'चेक्ड'. रशियनमध्ये एक शब्द म्हणतो तपासत होता, दुसरा म्हणतो तपासून झालं. महिन्याभरापूर्वी तिने दुसरा टाकला असता आणि पान उलटलं असतं.

तिने कंपनीला फोन लावला.

"तिसऱ्या पानावर ब्रेक तपासल्याचं लिहिलंय. तपासणी पुरी झाली होती का?"

"मॅडम, चेक्ड म्हणजे चेक्ड," पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला. "भाषांतराला त्याचं काय?"

"मला दोनपैकी एक शब्द लिहायचाय. सुरू केली होती, की पुरी झाली होती?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "थांबा. त्या माणसालाच विचारतो."

ती थांबली.